टायरमधली हवा आणि चुकीच्या जागेचं शून्य

अकरावीच्या रसायनशास्त्राचे पेपर तपासताना एक उत्तर मला दरवर्षी भेटतं. प्रश्न मीच घातलेला असतो. सकाळी गाडी काढण्याआधी टायरमधला दाब मोजला, तो ३२ पीएसआय भरला. तेव्हा टायरमधल्या हवेचं तापमान २० अंश सेल्सिअस होतं. दोन तास महामार्गावर धावल्यावर ही हवा तापून ५० अंशांवर गेली. टायर फुगला नाही असं धरलं, तर आता दाब किती?

उत्तर येतं, ८०. कागदावर सगळं नीटनेटकं असतं. आकारमान तेवढंच राहिलं तर वायूचा दाब तापमानाच्या सम प्रमाणात बदलतो, हा नियम वर लिहिलेला. त्याखाली ३२ गुणिले ५० भागिले २०. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर, उत्तराखाली पट्टीने मारलेली दुहेरी रेघ.

मोटारीच्या टायरच्या कडेवर जो कमाल दाब छापलेला असतो, तो बहुधा ४४ किंवा ५१ पीएसआय असतो. ८० हे उत्तर खरं असतं, तर मुंबईहून निघालेली प्रत्येक गाडी लोणावळ्याला पोहोचण्याआधीच ती मर्यादा कितीतरी ओलांडून गेली असती. प्रत्यक्षात तापलेल्या टायरचा दाब चार-पाच पीएसआयने वाढतो आणि गाडीतल्या कुणाला त्याचा पत्ताही लागत नाही.

मुलाने नियम चुकीचा वापरलेला नाही. त्याने फक्त एवढं गृहीत धरलं, की २० चे ५० झाले म्हणजे तापमान अडीचपट झालं. खोट तिथे आहे.

सम प्रमाण हा शब्द आपण शाळेत फार लवकर शिकतो आणि त्याची एक अट तितक्याच लवकर विसरतो. साखरेचं वजन आणि तिची किंमत सम प्रमाणात असते. दुप्पट साखर, दुप्पट पैसे. आणि शून्य किलो साखरेला शून्य रुपये. हे शेवटचं वाक्य सांगण्यासारखं वाटत नाही, पण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. दोन गोष्टी सम प्रमाणात असतील तर एक संपते त्याच क्षणी दुसरीही संपली पाहिजे. रिक्षाचं भाडं अंतराबरोबर वाढतं, पण बसल्याबरोबर किमान भाडं लागू होतं. म्हणून दुप्पट अंतराला दुप्पट पैसे होत नाहीत. वाढणं वेगळं आणि सम प्रमाणात वाढणं वेगळं.

आता हीच अट टायरला लावून बघा. सेल्सिअसचं शून्य म्हणजे पाण्याचा बर्फ होण्याचं तापमान. लेहला हिवाळ्यात पारा शून्यावर येतो तेव्हा तिथल्या गाड्यांच्या टायरमधला दाब नाहीसा होतो का? शून्याखाली दहा अंश झाले, तर आमच्या विद्यार्थ्याच्या रीतीने दाब उणे १६ पीएसआय येईल. टायर रिकामा होणं समजू शकतं. रिकाम्याहून रिकामा कसा होणार? आणि प्रश्न उलटा विचारला, म्हणजे सुरुवातच शून्य अंशांपासून केली, तर शून्याने भागायची वेळ येते आणि गणित जागच्या जागी बसतं. पाण्याचा बर्फ केव्हा होतो याच्याशी टायरमधल्या नायट्रोजन-ऑक्सिजनला काही देणंघेणं नाही.

वर्गात यावर एक मुलगी म्हणाली होती, “पण सर, पन्नास वीसच्या अडीचपट असतातच की.” आकडे म्हणून असतातच. ते कुठून मोजलेत, एवढाच प्रश्न आहे.

मी तिला कालगणनेचं उदाहरण दिलं. शिवरायांचा राज्याभिषेक इसवी सन १६७४ मध्ये झाला. शालिवाहन शकात ते वर्ष १५९६. देश स्वतंत्र झाला १९४७ मध्ये, शके १८६९. दोन्ही गणनांत या घटनांमधलं अंतर सारखंच भरतं, २७३ वर्षं. पण १९४७ ला १६७४ ने भागलं आणि १८६९ ला १५९६ ने भागलं, तर उत्तरं वेगवेगळी येतात आणि दोन्हींना काही अर्थ नसतो. कारण इसवी सनाचं शून्य किंवा शकाचं शून्य ही काळाची सुरुवात नव्हे. ते माणसांनी ठोकलेले खुंटे आहेत. खुंट्यापासून मोजलेल्या दोन अंतरांची वजाबाकी चालते, भागाकार चालत नाही. (२७३ हा आकडा इथे निव्वळ योगायोगाने आला आहे. वायूंचा राज्याभिषेकाशी संबंध नाही. पण तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

तापमानाचे खुंटेही माणसांनीच ठोकले आणि वेगवेगळ्या जागी ठोकले. हाच टायर घेऊन फॅरनहाइटच्या देशात जाऊ. २० अंश सेल्सिअस म्हणजे ६८ फॅरनहाइट, ५० म्हणजे १२२. भागाकार १.७९, आणि दाब सुमारे ५७ पीएसआय. टायर तोच, हवा तीच, ऊनही तेच. फक्त तापमापी बदलला आणि ८० चे ५७ झाले. आणखी गंमत हवी असेल तर खुद्द अँडर्स सेल्सिअसकडे जावं. १७४२ मध्ये त्याने मांडलेली मोजपट्टी आजच्या उलटी होती. उकळतं पाणी शून्यावर, बर्फ शंभरावर. ती पुढे उलटवण्यात आली. त्याच्या मूळ पट्टीवर आपली सकाळची हवा ८० अंशांवर आणि तापलेली हवा ५० अंशांवर येते. नियम सरळ लावला तर तापल्यावर दाब कमी होऊन २० पीएसआय व्हायला हवा!

आणि एक चौथी पट्टी आहे, जिच्यामुळे दोष नेमका कुठला ते पकडता येतं. एके काळी युरोपात रेओम्यूरची मोजपट्टी बरीच चालत असे. तिच्यात बर्फ शून्यावर आणि उकळतं पाणी ८० वर. आपली दोन तापमानं तिच्यावर १६ आणि ४० होतात. भागाकार पुन्हा अडीच, दाब पुन्हा ८०. म्हणजे अंश लहान-मोठा केल्याने उत्तर हललं नाही, कारण रेओम्यूर आणि सेल्सिअस यांचं शून्य एकाच जागी आहे. फॅरनहाइटचं शून्य वेगळं, म्हणून उत्तर वेगळं. तेव्हा अंशाच्या आकाराला दोष देऊन उपयोग नाही. शून्य कुठे आहे, तेवढं विचारा.

मग वायूचं स्वतःचं शून्य कुठे आहे? ते वायूलाच विचारावं लागतं आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते विचारता येतं. धातूचा एक पोकळ, बंद गोळा असतो. त्यात कोरडी हवा आणि वर दाब दाखवणारी तबकडी. गोळा वितळत्या बर्फात बुडवायचा, काटा स्थिरावू द्यायचा, दाब टिपायचा. मग नळाच्या पाण्यात, मग कोमट, मग उकळत्या. समजा बर्फात दाब १०१.३ किलोपास्कल होता. १०० अंशांवर तो साधारण १३८.४ होतो. हे बिंदू आलेखावर मांडले की एका सरळ रेघेत बसतात. दर अंशाला दाब सुमारे ०.३७१ किलोपास्कलने वाढलेला दिसतो. कुठूनही मोजा, वाढ तेवढीच.

रेघ सरळ आहे, पण ती आलेखाच्या शून्यातून जात नाही. रिक्षाच्या भाड्यासारखी ती वरूनच सुरू होते. आता पट्टी ठेवून ती डावीकडे, थंडीच्या दिशेला लांबवायची. दर अंशाला ०.३७१ जातात, १०१.३ पूर्ण संपायला किती अंश उतरावं लागेल? १०१.३ भागिले ०.३७१, म्हणजे २७३. उणे २७३ अंशांवर रेघ तळाला टेकते. हवेच्या जागी हेलियम भरला किंवा दुप्पट हवा भरली, तर रेघेचा चढ बदलू शकतो; टेकण्याची जागा जवळपास तीच राहते. माझ्या मते या प्रयोगाचा सगळा चमत्कार इथे आहे. वेगवेगळे वायू, वेगवेगळे दाब आणि सगळ्यांचं बोट एकाच बिंदूकडे.

पुण्यात हा प्रयोग करणाऱ्यांना मात्र बऱ्याचदा २७९ च्या आसपास आकडा मिळतो आणि मुलं खट्टू होतात. कारण साधं आहे. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून जास्त उंच आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. मुलं पाठ्यपुस्तकावर विश्वास ठेवून १०० लिहितात. दोन अंश फुकट मोजले गेले, की रेघेचा चढ कमी दिसतो आणि ती पाच-सहा अंश पुढे जाऊन टेकते. तापमापी उकळत्या पाण्यात बुडवून खरा आकडा घेतला की हा फरक जवळजवळ मिटतो. उरलेला थोडा फरक तबकडीकडे जाणाऱ्या नळीतल्या हवेचा, कारण ती पाण्याबाहेर राहून खोलीच्याच तापमानाला असते.

ही रेघ हुडकायला माणसांना दीडशे वर्षं लागली. १७०२ च्या सुमारास फ्रान्समध्ये गिओम आमोंताँ याला दिसलं, की हवा थंड होत गेली तर तिचा दाब कुठेतरी संपायला हवा. जाक शार्ल याने १७८० च्या दशकात वायूंच्या प्रसरणावर प्रयोग केले, पण ते छापले नाहीत; १८०२ मध्ये गे-ल्युसॅकने आपले निष्कर्ष प्रसिद्ध करताना त्याचं श्रेय नोंदवलं, म्हणून आज आपण ‘चार्ल्सचा नियम’ म्हणतो. गे-ल्युसॅकला २७३ च्या जागी २६७ मिळाले होते. पुढच्या पिढीत रेन्योच्या काटेकोर मोजणीने तो आकडा २७३ वर आणला. विल्यम थॉमसनने १८४८ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, कोणत्याही एका पदार्थाच्या लहरीवर अवलंबून नसलेली निरपेक्ष मोजपट्टी मांडली. तोच पुढे लॉर्ड केल्व्हिन झाला. त्याच्या नावाची आजची पट्टी निरपेक्ष शून्यापासून सुरू होते आणि तिचा अंश सेल्सिअसएवढाच असतो. म्हणून रूपांतर इतकं सोपं: सेल्सिअसमध्ये २७३.१५ मिळवा. शाळेतल्या गणिताला २७३ पुरतात.

त्या तळाला पोहोचेपर्यंत वायू वायू राहत नाही, हेही सांगायला हवं. नायट्रोजन उणे १९६ अंशांवर द्रव होतो, ऑक्सिजन त्याच्याही आधी उणे १८३ वर. रेघेचा शेवटचा तुकडा आपण कागदावर ओढतो, हवेत तो कुणी पाहत नाही. पण आपला टायर त्या टोकापासून इतका दूर आहे, की तिथे हा नियम व्यवहारापुरता बिनधास्त वापरता येतो.

तर परत टायरकडे. २० अंश म्हणजे २९३ केल्व्हिन, ५० म्हणजे ३२३. भागाकार १.१०. आपल्याला वाटत होतं हवा अडीचपट गरम झाली. खरं तर ती फक्त दहा टक्के गरम झाली. केल्व्हिनमधलं तापमान हवेच्या रेणूंच्या धावपळीच्या सरासरी ऊर्जेच्या प्रमाणात असतं, म्हणून ‘दहा टक्के’ या म्हणण्याला इथे अर्थ आहे. ऊर्जा तेवढी वाढली म्हणजे वेग जेमतेम पाच टक्क्यांनी वाढला. रेणू टायरच्या भिंतीवर थोडे जास्त जोरात, थोडे जास्त वेळा आपटू लागले, बस.

३२ गुणिले ३२३ भागिले २९३ म्हणजे ३५.३ पीएसआय. बहुतेक शिक्षक इथे पूर्ण गुण देतात. मीही बरीच वर्षं देत होतो. पण टायरने माझीच परीक्षा घेतली. पेट्रोल पंपावर गाडी निघण्याआधी आणि वाटेत, असा दाब बघायची मला सवय लागली, आणि काटा माझ्या उत्तरापेक्षा एक-दीड पीएसआय जास्तच दाखवायचा. आधी मला मीटरचा संशय आला.

मीटर ठीक होता, त्याचं शून्य चुकीच्या जागी होतं! पंपावरचा मीटर टायर पंक्चर होऊन बसला की शून्य दाखवतो. पण बसलेल्या टायरमध्येही हवा असते, बाहेरच्या वातावरणाइतक्याच दाबाची. समुद्रसपाटीला तो १४.७ पीएसआय असतो. मीटर वातावरणाच्या वरचा दाब तेवढा सांगतो. सेल्सिअसने बर्फावर खुंटा ठोकला, तसा मीटरवाल्याने वातावरणावर ठोकला आहे. आणि आम्ही तापमानाचं शून्य दुरुस्त करून दाबाचं तसंच सोडलं होतं. वायूच्या नियमात दाबही त्याच्या खऱ्या शून्यापासून, म्हणजे निर्वातापासून मोजावा लागतो. ३२ मध्ये १४.७ मिळवले, ४६.७ झाले. त्याला ३२३ ने गुणून २९३ ने भागलं, ५१.५ आले. मीटरशी जुळवायला १४.७ पुन्हा वजा केले: ३६.८ पीएसआय. पंपावरचा काटा इतकी वर्षं हेच सांगत होता.

मुलं आता नवीनच चूक करतात. एकदा केल्व्हिनची भीती बसली, की ती दिसेल त्या तापमानात २७३ मिळवत सुटतात. अंघोळीसाठी १५ लिटर पाणी २५ वरून ४० अंशांवर आणायचं असेल तर किती उष्णता लागेल? इथे लागतो तो फरक, १५ अंशांचा. फरक सेल्सिअसमध्ये १५, केल्व्हिनमध्येही १५. दोन्हीकडे मिळवलेले २७३ वजाबाकीत उडून जातात. उत्तर येतं सुमारे ९४० किलोज्यूल, म्हणजे दोन किलोवॉटच्या गिझरला आठेक मिनिटं. पण फरकातच २७३ मिळवून १५ चे २८८ केले, तर त्याच बादलीला अडीच तास लागतील. राज्याभिषेकापासून स्वातंत्र्यापर्यंत किती वर्षं, हे सांगताना इसवी सनाचा शक करायची गरज पडत नाही, तसंच हे. तापमानाचा भागाकार किंवा गुणाकार करायचा असेल तर केल्व्हिन हवाच. नुसती वजाबाकी असेल तर सेल्सिअस पुरतो.

८० पीएसआयसारखं उत्तर निदान ओरडून सांगतं, की काहीतरी बिनसलंय. उणे आकारमान आलं तर ढ विद्यार्थीही थबकतो. मला धास्ती वाटते ती गुपचूप बसणाऱ्या चुकीची. ५०० मिलिलिटर वायू २५ अंशांवरून ३० अंशांवर गेला, दाब तोच, आकारमान किती? सेल्सिअस थेट वापरला तर ६०० मिलिलिटर. आकडा गोल आहे, गोंडस आहे, अशक्य वाटत नाही. केल्व्हिनने येतात फक्त ५०८. अशा वेळी उत्तराकडे बघून स्वतःला विचारावं, की सकाळी भरलेला फुगा दुपारच्या पाच अंशांनी एक पंचमांश मोठा झालेला कधी बघितलाय का? आपल्या रोजच्या तापमानाला वायूत दर अंशामागे साधारण तीनशेव्या भागाचा, म्हणजे एक तृतीयांश टक्क्याचा फरक पडतो. पाच अंशांना पावणेदोन टक्के. एवढा अंदाज मनात असला, की ६०० हे उत्तर लिहिता लिहिता हात थांबतो.

पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांची एक खोडही यात सामील आहे. वायूच्या गणितात तापमान पुन्हा पुन्हा २७ अंशच का असतं, असा प्रश्न पडला असेल तर उत्तर हे: २७ अधिक २७३ म्हणजे बरोबर ३००. तसेच १२७ म्हणजे ४००. २७ अंशांवरच्या वायूचं आकारमान, दाब न बदलता, दुप्पट करायचं असेल तर त्याला ५४ अंशांवर नेऊन भागणार नाही. ६०० केल्व्हिन, म्हणजे ३२७ अंश सेल्सिअस गाठावे लागतात. त्या तापमानाला शिसंसुद्धा वितळायच्या बेतात असतं.

आता मी टायरच्या प्रश्नाला एक उपप्रश्न जोडतो. गाडी लोणावळ्यात थांबली, टायर तापलेले, मीटरवर ३६.८ दिसले. मालक म्हणाला, कंपनीने ३२ सांगितलेत, जास्तीची हवा काढा. पंपावरच्या पोराने काटा ३२ वर येईपर्यंत हवा सोडली. रात्रभर गाडी उभी राहिली, सकाळी टायरमधली हवा पुन्हा २० अंशांवर आली. आता मीटर किती दाखवेल? (वातावरणाचा दाब दोन्ही वेळी १४.७ धरावा.) ४६.७ ला २९३ ने गुणून ३२३ ने भागा, त्यातून १४.७ काढा. २७.७ उरतात. गाडीच्या दाराच्या कडेवरच्या कागदावर दाबापुढे ‘थंड टायर’ असं लिहिलेलं असतं, ते याच सव्वाचार पीएसआयसाठी.